बदलापूरची स्कूटर आणि बारवीचे पाणी : कृत्य वेगळे, मन वेगळे

चोरीच्या खटल्यात न्यायालयाला दोन प्रश्नांची उत्तरे हवी असतात. आरोपीने नेमके केले काय? आणि ते करताना त्याच्या मनात काय होते? पहिल्या प्रश्नाच्या उत्तरात जे येते ते ॲक्टस रियस, म्हणजे गुन्ह्याचे कृत्य. दुसऱ्याच्या उत्तरात येते ते मेन्स रिया, म्हणजे दोषी मन. एवढे पहिल्या वर्षाच्या प्रत्येक विद्यार्थ्याला पाठ असते. परीक्षेत प्रसंग देऊन प्रश्न विचारला की मात्र उत्तरपत्रिकेत दोन्हींची खिचडी होते. ‘त्याने वस्तू नेली, म्हणून त्याचे मन दोषी होते’ हे वाक्य दर वर्षी कितीतरी उत्तरपत्रिकांत सापडते, आणि या वाक्याला गुण देता येत नाहीत. म्हणून या प्रकरणात एकच स्कूटर घेऊ आणि ती शेवटपर्यंत सोडायची नाही.

बदलापूर स्टेशनाजवळचे पार्किंग. पावसाळ्यातला रविवार, बारवी धरणाच्या रस्त्याला सकाळपासून गर्दी. ‘य’ने आपली काळी स्कूटर लावली आणि तो लोकलने कामाला गेला. तिच्या शेजारीच ‘क’ची स्कूटर आहे, तोच रंग, तेच मॉडेल. बाकी पात्रे लागतील तशी आणू.

आधी कलम नीट वाचले पाहिजे. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली आणि जुन्या दंड संहितेतले ३७८ वे कलम नव्या संहितेत ३०३ वे झाले. व्याख्या तीच राहिली. दुसऱ्याच्या कब्जातली जंगम मालमत्ता, त्याच्या संमतीशिवाय, अप्रामाणिकपणे घेण्याच्या उद्देशाने जो ती मालमत्ता हलवतो, तो चोरी करतो. या वाक्याची बांधणी पाहा. ‘घेणे’ हा शब्द उद्देशाच्या पोटात आहे. प्रत्यक्ष कृती म्हणून कलमाला हवे आहे ते फक्त ‘हलवणे’. वस्तू घरी पोचली पाहिजे, विकली गेली पाहिजे, निदान पार्किंगच्या फाटकाबाहेर तरी गेली पाहिजे, असे कलम कुठेही म्हणत नाही. नेण्याचा बेत मनात पुरतो. हाताने ती थोडी सरकली की झाले.

आता ‘क’ वाईट बुद्धीने य च्या स्कूटरला जुळवून आणलेली किल्ली लावतो, स्टँड काढतो, गाडी वीतभर मागे घेतो, आणि तेवढ्यात पार्किंगवाला त्याची कॉलर धरतो. विद्यार्थी हमखास लिहितात की हा चोरीचा प्रयत्न. तसे नाही. चोरी पूर्ण झालेली आहे. कलमाखालच्या उदाहरणांत एक जण खिशात कुत्र्याला आवडणारे आमिष ठेवून दुसऱ्याच्या कुत्र्याला मागे यायला लावतो. कुत्रा मागे चालू लागताक्षणी चोरी घडली, असे संहिता सांगते. स्कूटरची वीत आणि कुत्र्याची पहिली पावले यांची कायद्यात किंमत एकच. किल्ली फिरलीच नाही, गाडी जागची हलली नाही, तर मात्र मन पूर्ण दोषी असूनही चोरीचे कृत्य झालेले नाही. तिथे कलम ६२ खालचा प्रयत्न उरतो.

कृत्य म्हणजे नुसती हातापायाची हालचाल, ही आणखी एक घाईची समजूत. ती स्कूटर जंगम आहे, ती य च्या कब्जात आहे आणि य ची संमती नाही, ही सगळी बाहेरची परिस्थिती ॲक्टस रियसचाच भाग असते. य ने ‘घेऊन जा’ म्हटले असते तर तीच किल्ली, तोच स्टँड, तीच वीतभर हालचाल असूनही कृत्य गुन्ह्याचे राहिले नसते. आणि शब्द ‘कब्जा’ आहे, मालकी नाही, हेही ध्यानात ठेवा. दुरुस्तीचे पैसे थकवल्यामुळे गॅरेजवाल्याने कायदेशीर हक्काने अडवून ठेवलेली स्वतःची स्कूटर रात्री कुलूप काढून आणणारा मालकसुद्धा चोर ठरू शकतो. संहितेत हे उदाहरण घड्याळ आणि घड्याळजी यांच्या रूपाने दिलेले आहे.

आता मनाकडे वळू. ‘क’ संध्याकाळच्या घाईत पार्किंगमध्ये येतो, आपली समजून य च्या स्कूटरला किल्ली लावतो. जुन्या, झिजलेल्या कुलपांत असे होते. किल्ली लागते, इंजिन सुरू होते, क निघून जातो. बाहेरून पाहणाऱ्याला मघाच्या चोरात आणि याच्यात तसूभर फरक दिसणार नाही. मालमत्ता जंगम, कब्जा य चा, संमती नाही, गाडी हलली. कृत्य जसेच्या तसे. तरीही ही चोरी नाही, कारण ‘अप्रामाणिकपणे’ हा शब्द रिकामा राहतो. संहितेत या शब्दाचा अर्थ बांधून दिलेला आहे: एखाद्याला गैरलाभ किंवा दुसऱ्याला गैरहानी घडवून आणण्याचा उद्देश. गाडी स्वतःचीच आहे असे ज्याला खरोखर वाटते आहे, त्याच्या मनात गैरलाभाचा उद्देश असणार कुठून?

इथे वर्गात नेहमी एक हात वर होतो. त्याने नंबर प्लेट पाहायला नको होती का? पाहायला हवी होती. तो निष्काळजी होता. पण चोरीला निष्काळजीपणा पुरत नाही. काही गुन्ह्यांत, उदाहरणार्थ भरधाव गाडी चालवून एखाद्याचा जीव घेण्यात, निष्काळजी मन हेच दोषी मन असते. चोरीत मात्र कायद्याने वेगळ्या जातीचे मन मागितले आहे. मेन्स रिया ही एकच ठरलेली मनःस्थिती नव्हे. प्रत्येक कलम आपल्याला हवे ते मन स्वतः सांगते. कुठे ‘अप्रामाणिकपणे’, कुठे ‘कपटाने’, कुठे ‘माहीत असून’. ॲक्टस रियस आणि मेन्स रिया हे लॅटिन शब्द संहितेच्या कलमांत शोधायला जाऊ नका, सापडणार नाहीत. कलमातले हे क्रियाविशेषण शोधा.

गोष्ट पुढे नेऊ. क पेट्रोल पंपावर थांबतो, सीट उचलतो. डिकीत य चे कागद, य चा रेनकोट. चूक त्याच्या लक्षात येते. इथून तो सरळ पार्किंगमध्ये परत गेला तर विषय संपला. पण तो विचार करतो, आलीच आहे हातात तर राहू दे. आणि गाडी घरी नेऊन झाकून ठेवतो. आता तरी चोरी झाली का?

नाही. या उत्तराने नव्या विद्यार्थ्यांना धक्का बसतो. कृत्य आणि मन दोन्ही आपल्या पदरात आहेत, पण ते एकाच वेळी भेटलेले नाहीत. य च्या कब्जातून गाडी निघाली तेव्हा मन स्वच्छ होते. मन बिघडले तेव्हा गाडी य च्या कब्जात नव्हतीच. चोरीसाठी हलवणे आणि अप्रामाणिक उद्देश एकाच क्षणी हजर लागतात. संहितेने या माणसाला मोकळे सोडलेले नाही. त्याच्यासाठी कलम ३१४ आहे, मालमत्तेचा अप्रामाणिक अपहार. त्या कलमाखालचे पहिलेच उदाहरण आपल्या क चे आहे म्हणा ना: आपली समजून दुसऱ्याची वस्तू सद्भावनेने घेतली, ही चोरी नव्हे, पण चूक कळल्यावरही ती अप्रामाणिकपणे स्वतःकडे वळवली, तर या कलमाखाली गुन्हा. शिक्षाही वेगळी. साध्या चोरीला ३ वर्षांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही. अपहाराला किमान ६ महिने आणि कमाल २ वर्षे कैद, शिवाय दंड. पेट्रोल पंपाआधीचे आणि नंतरचे मन वेगळे काढता आले नाही, तर कलमच चुकते.

आता तिसरा क. हा बारवी धरण पाहायला आलेला तरुण आहे, रिक्षाची रांग मोठी आहे. य घाईत किल्ली स्कूटरलाच विसरून गेलेला दिसतो. क ठरवतो, धरणावर जाऊन येऊ, संध्याकाळच्या आत गाडी जागेवर लावू, वर थोडे पेट्रोलही भरून ठेवू. आणि तो तसेच करतो. य रात्री परततो तेव्हा स्कूटर जिथल्या तिथे उभी असते.

इंग्लंडमध्ये हा खटला चोरीचा झाला नसता. तिथल्या १९६८ च्या चोरीच्या कायद्यात वस्तू मालकाला कायमची अंतरवण्याचा उद्देश लागतो. परवानगीशिवाय गाडी फिरवून आणणे हा तिथे वेगळा, हलका गुन्हा आहे. इंग्रजी पाठ्यपुस्तके वाचून आलेले विद्यार्थी हे ‘कायमचे’ आपल्या कलमात आणतात. आपल्या व्याख्येत तो शब्द नाही. सर्वोच्च न्यायालयाने के. एन. मेहरा विरुद्ध राजस्थान राज्य या खटल्यात ११ फेब्रुवारी १९५७ ला ही गोष्ट पक्की केली, आणि तिथे स्कूटर नव्हती, विमान होते.

मेहरा जोधपूरच्या हवाई दलाच्या अकादमीत प्रशिक्षण घेत होता. त्याचा साथीदार फिलिप्स याला १३ मे १९५२ ला गैरवर्तनासाठी अकादमीतून काढून टाकले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी मेहराचे प्रशिक्षणाचे उड्डाण डाकोटा विमानातून, ठरल्या वेळी व्हायचे होते. त्याऐवजी दोघांनी ठरल्या वेळेच्या आधीच, परवानगी न घेता, हार्वर्ड जातीचे विमान उडवले आणि ते पाकिस्तानात उतरवले. पुढे कराचीत भारतीय उच्चायुक्तांकडे जाऊन त्यांनी सांगितले की आम्ही रस्ता चुकलो. बचावाचा मुद्दा असा की मेहरा प्रशिक्षणार्थी होता, विमान उडवणे हेच त्याचे काम, आणि विमान कायमचे लांबवायचे नव्हते. न्यायालयाने पाहिले ते वेगळेच. विमान कोणते, वेळ कोणती, परवानगी मागितली का, सोबत कोण होते, विमानतळाकडून परतण्याचे संदेश गेले त्यांना उत्तर दिले का. या सगळ्यांतून संमती नव्हती हेही दिसले आणि उद्देश अप्रामाणिक होता हेही. तात्पुरता का होईना, सरकारच्या मालकीच्या विमानाचा बेकायदा वापर म्हणजे नेणाऱ्याचा गैरलाभ, आणि तेवढ्या वेळापुरते सरकारला त्याला मुकावे लागले ही गैरहानी. चोरी कायम झाली.

मेहराला लावलेला नियम बारवीच्या सहलीलाही लागू पडतो. य ला त्या दिवसभर स्कूटरची गरज पडली की नाही, हा प्रश्न गौण आहे. हक्क नसताना क ने तिचा उपयोग करून घेतला, आणि करून घ्यायचाच म्हणून ती हलवली. भरलेले पेट्रोल शिक्षा कमी व्हायला कामी येईल, सुटकेला नाही. उलट क हा य चा जुना मित्र असता, एरवीही एकमेकांच्या गाड्या नेण्याची त्यांची रीत असती, तर चित्र पालटले असते. मित्राच्या घरच्या पुस्तकांतून त्याच्या मागे एखादे पुस्तक वाचायला नेणाऱ्याला संहिता चोर म्हणत नाही, कारण आपल्याला न विचारता नेण्याची मुभा आहे असे त्याला वाटलेले असणे शक्य आहे. मुभा प्रत्यक्षात नसली, तरी ती आहे असे खरोखर वाटणे हे मनाच्या रकान्यात जाते. या एका उदाहरणात संमती कृत्याच्या बाजूला आणि संमतीबद्दलची समजूत मनाच्या बाजूला कशी पडते, ते स्वच्छ दिसते.

धरणापर्यंत आलोच आहोत तर पाण्याकडेही पाहून घेऊ. बारवी धरण औद्योगिक विकास महामंडळाचे, म्हणजे एमआयडीसीचे. धरणातून सोडलेले पाणी नदीवाटे येते, जांभूळला उचलून शुद्ध केले जाते आणि मोठ्या जलवाहिन्यांतून कारखान्यांना व उल्हासनगरसारख्या शहरांना जाते. या जलवाहिन्यांवरच्या चोरट्या जोडण्यांच्या आणि टँकर भरण्याच्या बातम्या इथल्या वर्तमानपत्रांत वर्षानुवर्षे येत आल्या आहेत. पण पाण्याची ‘चोरी’ होऊ शकते का? नदीत मोकळे वाहणारे पाणी कोणाच्या कब्जातले म्हणता येत नाही. तिथे घागर बुडवणाऱ्याच्या मनात कितीही पाप असले तरी कृत्याचा एक तुकडा कमी पडतो. तेच पाणी पैसे खर्चून उचलले, गाळले, नळात कोंडले की कब्जा निर्माण होतो. नळातले पाणी चोरीचा विषय होऊ शकते, हे इंग्लंडमध्ये १८८३ च्या फेरेन्स विरुद्ध ओब्रायन खटल्यात ठरले आणि आपल्याकडेही तीच दिशा धरली जाते. विजेचे मात्र तसे नाही. तिच्यासाठी वेगळा वीज कायदा लागतो.

मग टँकरवाल्याने पाणी ‘हलवले’ कसे? त्याने तर नुसता व्हॉल्व्ह फिरवला. पाणी आपल्या दाबाने वाहिले. याचे उत्तर चोरीच्या कलमाखालच्या तिसऱ्या स्पष्टीकरणात आहे. वस्तूला अडवून धरणारा अडथळा दूर करणे म्हणजे ती वस्तू हलवणेच. उतारावरच्या स्कूटरचा स्टँड काढून ती घरंगळू देणाऱ्यालाही हेच लागू. कृत्याची बाजू इथे भरली. आता त्याच जलवाहिनीवर चाळमालकाने चोरून घेतलेली जोडणी धरा. भाडेकरू नळ सोडतो तेव्हा पाणी तोही हलवतो. पण तो महिन्याला पाण्याचे पैसे मालकाला मोजतो आहे आणि नळ अधिकृत आहे असे समजतो आहे. टँकरवाल्याचा हात आणि भाडेकरूचा हात एकच काम करतात. गुन्हा एकाच्याच नावावर लागतो.

कोणाच्याही मनात शिरून पाहता येत नाही, मग हे सिद्ध कसे होते? वागण्यावरून. चुकून गाडी नेणाऱ्या क ची स्वतःची तशीच स्कूटर पार्किंगमध्ये उभी असते, तिची पावती त्याच्या खिशात असते, त्याच्या घरासमोर गाडी उघड्यावर लावलेली असते, आणि पार्किंगवाल्याचा फोन येताच तो धावत येतो. जुळवून आणलेली किल्ली, बदललेली नंबर प्लेट, रातोरात दुसऱ्या गावी केलेली विक्री, हे दुसऱ्या मनाचे बोलणे आहे. कायदा इथे फिर्यादी पक्षाला थोडा हातही देतो. चोरीनंतर लगेच चोरीचा माल ज्याच्याकडे सापडला आणि ज्याला तो आपल्याकडे कसा आला हे सांगता येत नाही, तो स्वतः चोर आहे किंवा चोरीचा माल आहे हे जाणून त्याने तो घेतला, असे न्यायालय धरून चालू शकते. हे गृहीतक साक्ष अधिनियमाच्या ११९ व्या कलमाच्या पहिल्या उदाहरणात आहे. ‘शकते’ हा शब्द महत्त्वाचा; न्यायालयावर तसे बंधन नाही.

आणि शेवटी, जिथे मनाचा प्रश्न जवळजवळ विचारलाच जात नाही अशी कायद्याची एक पट्टीही ठाऊक असायला हवी. महाराष्ट्र राज्य विरुद्ध मेयर हान्स जॉर्ज हा खटला तिचा नमुना. झुरिकहून मनिलाला निघालेले विमान २८ नोव्हेंबर १९६२ ला सकाळी मुंबईत सांताक्रूझला थांबले. जॉर्ज विमानातून उतरलाही नव्हता. त्याच्या जॅकिटात ३४ किलो सोने सापडले. असे सोने विमानाच्या मालयादीत जाहीर करावे लागेल, हा रिझर्व्ह बँकेचा नियम राजपत्रात प्रसिद्ध होऊन चारच दिवस झाले होते, आणि आपल्याला तो माहीत नव्हता असे त्याचे म्हणणे होते. मुंबई उच्च न्यायालयाने त्याला सोडले. सर्वोच्च न्यायालयाने दोन विरुद्ध एक मताने पुन्हा दोषी धरले: परकीय चलनाची गळती थांबवण्यासाठी केलेल्या या कायद्यात नियम माहीत असणे ही अट वाचली तर कायद्याचा उपयोगच उरणार नाही. न्या. सुब्बा राव यांचे मत वेगळे पडले. संसदेने स्पष्ट वगळले नसेल तर दोषी मन लागतेच, असे त्यांचे म्हणणे. माझा स्वतःचा कल न्या. सुब्बा रावांकडे आहे, पण परीक्षेत बहुमताचा निकाल आधी लिहा. चोरीच्या कलमापुरता हा वाद उद्भवत नाही, कारण तिथे ‘अप्रामाणिकपणे’ हा शब्द खुद्द व्याख्येत बसलेला आहे आणि त्याला टाळून शिक्षा देता येत नाही.

पुढचे प्रकरण उघडण्याआधी कलम ३०३ खालची सगळी उदाहरणे एकदा वाचा. वहीत दोन रकाने आखा, डावीकडे कृत्य, उजवीकडे मन, आणि प्रत्येक उदाहरणात यांपैकी काय हजर आहे, काय गैरहजर आहे आणि दोन्ही नेमके कोणत्या क्षणी भेटतात ते लिहून काढा.